पितळी समई जोडी, तांब्याचं ताम्हण-पळी-पंचपात्र आणि चांदीचा मुलामा दिलेलं निरांजन

गौरी-गणपतीसाठी नवीन माल आलाय, वजन आम्ही स्वतः काट्यावर करून लिहितो, अंदाजे नाही.

समई जोडी, उंची 12 इंच, एक नग 1 किलो 150 ग्रॅम. ओतीव पितळ, दांडी भरीव, आतून पोकळ नाही, तीन भाग आटे फिरवून सुटे होतात म्हणजे सांध्यात अडकलेलं तेल नीट पुसता येतं. वरून लाखेचा थर दिलेला नाही, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांत काळपट होणारच, तो दोष नाही. घरी लोहचुंबक असेल तर लावून बघा, चिकटणार नाही, लोखंडावर पितळी मुलामा असला की लगेच चिकटतं.

ताम्हण-पळी-पंचपात्र मिळून 420 ग्रॅम, शुद्ध तांबं, ताम्हणावर हाताने मठारकाम केलंय, उजेडात तिरपं धरलं की एकेक ठोका दिसतो, म्हणून दोन ताम्हणं अगदी सारखी मिळणार नाहीत. पंचामृत किंवा दही यात ठेवू नका, आंबट तांब्याला लागतं.

निरांजन 95 ग्रॅम, हे मात्र आतून पितळ आणि वर चांदीचा मुलामा, चांदीचं नाही! याला चिंच, राख, घासणी काहीच लावायचं नाही, नाहीतर खालचं पितळ दिसायला लागेल. फक्त मऊ सुती कापड.

समई आणि तांब्याला चिंच-मीठ चालेल, लगेच धुवून कोरडं पुसा, पाण्याचे डाग राहिले की हिरवट पडतात.