ओंकारला पत्र : कविता आणि पेन्सिल

पुणे,
१४ जुलै २०२५

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद. (मोठी बहीण असल्याचा हा एकच फायदा, तो मी सोडणार नाही.)

तू पाठवलेला बालकवींच्या ‘औदुंबर’चा फोटो पाहिला. अख्खी कविता पिवळ्या हायलायटरने रंगवली आहेस. आठच ओळींची कविता, त्यातल्या साडेसात पिवळ्या! आता त्यात महत्त्वाचं काय, हे तुला तरी सांगता येईल का? वर समासात ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ लिहिलंयस. ते तुझं नाही, गाईडचं आहे. मला अक्षरावरून नाही, वाक्यावरून कळलं.

माझ्या जुन्या पुस्तकातल्या रेघोट्या कशाच्या, असं तू विचारलंस म्हणून हे लिहितेय. फोनवर सांगून जमणारं नाही.

आधी पुस्तक बाजूला ठेव. फुलस्केप कागदावर कविता हाताने उतरव, दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी, दोन्हीकडे चांगला रुंद समास. झेरॉक्स चालेल, पण उतरवताना हात अडखळतो आणि जिथे अडखळतो तिथे बहुतेक वेळा काहीतरी असतंच. पेन्सिल साधी एचबी घे. टूबी गडद उमटते, पण तळहात घासला की कागद काळा होतो. लायब्ररीच्या पुस्तकात मात्र रेघ मारायची नाही, पेन्सिलीचीसुद्धा.

पहिल्यांदा पेन्सिल हातात न घेता मोठ्याने वाच. मग दुसऱ्यांदा वाचताना जिथे आपोआप थांबतोस तिथे उभी बारीक रेघ मार. ‘निळासावळा झरा वाहतो | बेटाबेटातुन’. मात्रा मोजून बघ, प्रत्येक ओळीत हा थांबा सोळा मात्रांनंतर येतो. आता शेवटची ओळ घे: ‘पाय टाकुनी जळात बसला | असला औदुंबर’. झाड ‘बसला’पाशी थांबतं आणि आपणही तिथेच थांबतो. गाईडमध्ये हे मिळणार नाही, कारण गाईड लिहिणारा मोठ्याने वाचत बसत नाही.

मग क्रियापदांखाली एकेक रेघ. वाहतो, लागली, पडे, चालली, पसरी, बसला. एवढीच! झरा वाहतो, वाट अडवीतिडवी पडते आणि चालते, काळिमा पसरतो. आणि इतक्या हालचालीनंतर शेवटी एकजण बसतो. रेघा मारल्यावर हे वरून खाली एका नजरेत दिसतं. पिवळ्या रंगात बुडवलंस तर क्रियापदही पिवळं आणि ‘हिरवाळी’ही पिवळी.

रंगांसाठी डाव्या समासात नुसतं पहिलं अक्षर लिही. वरून खाली वाच: हि, नि, हि, पां, हि, का, आणि पुन्हा का. हिरवा तीनदा येतो, आणि शेवटचा येतो तो काळ्या डोहाच्याच ओळीत. त्यानंतर हिरवा नाही. मधली पांढरी पायवाट हिरव्याकडून काळ्याकडे नेते. वाटेसाठी मी बाण काढते: झरा, गाव, टेकडी, शेतं, वाट, डोह, झाड. कवी आपली नजर कुठून कुठे नेतोय त्याचा तो नकाशा. चार ओळींची टोकं बघ, ‘टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे’. यातल्या दोन ‘कडे’ कंसासारख्या गोल रेघेने जोड. एक ‘कडे’ गावाचा, दुसरा डोहाचा, आणि वाट त्यांच्यामध्ये.

आता मला सगळ्यात आवडणारी खूण. जे कवितेत नाही, पण असायला हवं होतं असं वाटतं, तिथे मी रिकामा चौकोन काढते. इथे चौकोन कोणाचा? माणसाचा. चार घरांचं गाव आहे, शेतमळे आहेत, पायवाट आहे. ती कुणीतरी चालून चालूनच पडली असणार. पण अख्ख्या कवितेत माणूस एकही नाही. आणि माणसासारखं वागणारा कोण, तर शेवटच्या ओळीतलं झाड, पाण्यात पाय सोडून बसलेलं. परीक्षेत याला चेतनगुणोक्ती म्हणायचं, दोन गुण मिळतील. पण आधी रिकामा चौकोन काढ, मग अलंकाराचं नाव. उलट केलंस तर नावच उरतं.

प्रश्नचिन्हं भरपूर टाक. ‘बेटाबेटातुन’ म्हणजे पाण्यातली बेटं की बांबूचं असतं तसं झाडांचं बेट? ‘गोड काळिमा’ : काळोख गोड कसा? उत्तर लगेच शोधू नकोस. उत्तर सापडलं तरी प्रश्नचिन्ह खोडू नकोस, शेजारी लिही.

उजवा समास वेगळ्या कामासाठी आहे. तिथे बाहेरून आणलेलं लिही. बालकवींचं खरं नाव त्र्यंबक बापूजी ठोंबरे, जन्म १८९०चा, आपल्याच धरणगावचा. १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून ते गेले. औदुंबर म्हणजे उंबर, आणि उंबराखाली दत्ताच्या पादुका असतात, हे तुला आजीकडून माहीतच आहे. हे सगळं उजवीकडे. कारण ‘काळा डोह म्हणजे मृत्यू’ किंवा ‘औदुंबर म्हणजे ध्यानस्थ योगी’ असं कुणी सांगितलं, की ते डावीकडे शिरायला बघतं. ते चूक असेल असं नाही. या कवितेच्या अर्थावरून भल्याभल्यांनी वाद घातले आहेत. पण कवितेने काय दिलं आणि आपण काय आणलं, हे दोन समासांत वेगळं दिसलं पाहिजे. मग कुठलाही अर्थ डावीकडच्या खुणांना विचारून घेता येतो. योगी म्हणतोस? मग ‘पाय टाकुनी’ हे आसन कोणतं रे? असं.

तुझ्या सरांना रसग्रहणात आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्यं असे तीन परिच्छेद लागतात ना? डाव्या समासातून ते आपोआप निघतील. बाण आणि रिकामा चौकोन पहिल्यात, रंग आणि झाडाचं बसणं दुसऱ्यात, थांबे, यमकं आणि क्रियापदं तिसऱ्यात. फक्त ‘निसर्गाचे सुंदर वर्णन’ हे वाक्य कुठेही दिसलं तर मी तुझ्या पुढच्या वाढदिवसाला हायलायटरचा आख्खा बॉक्स पाठवीन.

एक मात्र आहे. खुणा कमी ठेव. माझ्या वर्गात एकजण कवितेवर इतकं लिहितो की वर्ग संपेपर्यंत कविता वाचता येत नाही. आणि दुसऱ्याच्या खुणांवरून कविता वाचू नकोस, माझ्यासुद्धा. म्हणूनच मी माझा कागद सोबत पाठवत नाहीये, नुसती पेन्सिल आणि खोडरबर पाठवतेय. शार्पनर तुझ्याकडे आहे, माझाच नेलेला.

रविवारी रात्री फोन करते, तेव्हा कागद समोर ठेव. चौथ्या ओळीतल्या ‘हिरवी गर्दी’खाली तू काय केलंस ते मला आधी ऐकायचंय. माणसाचा रिकामा चौकोन काढून झाल्यावर तो शब्द पुन्हा वाच म्हणजे झालं.

आईला सांग, लोणचं पोचलं, बरणी फुटली नाही. बाबांच्या गुडघ्याचं काय झालं ते कळव.

तुझी,
ताई