केस प्रेझेंटेशन : सात वर्षांची मुलगी, विंचूदंश आणि वाढलेली धाप
(तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी, बालरोग विभाग)

मुलीचं नाव सांगणार नाही. वय सात वर्षं, वजन 20 किलो, रायगड जिल्ह्यातल्या एका वाडीवरची. माहिती आईवडिलांनी दिली, भरवशाची आहे. मे महिन्यात रात्री सव्वाबारा वाजता दाखल झाली, म्हणजे दंशानंतर सव्वाचार तासांनी. तक्रारी तीन : उजव्या हाताच्या तर्जनीला विंचू चावला, उलट्या आणि घाम, गेल्या पाऊण तासापासून धाप.

हिस्टरी

रात्री आठच्या सुमारास ती मागच्या पडवीतून सरपण आणायला गेली. लाकूड उचलताच किंचाळली. वडिलांनी बॅटरीच्या उजेडात विंचू मारला आणि डब्यात घालून आणला. तांबूस रंग, बारीक नांग्या, जाड शेपूट, म्हणजे आपल्याकडचा लाल विंचू. काळ्या मोठ्या विंचवाच्या नांग्या जाड आणि शेपूट बारीक असते. तो दिसायला भयंकर, पण विष त्या मानानं सौम्य.

पहिल्या अर्ध्या तासात कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मग तीन उलट्या झाल्या, तोंडाला लाळ सुटली आणि घाम इतका आला की आईला फ्रॉक बदलावा लागला. घरच्यांनी तिला भगताकडे नेलं. दहाच्या सुमारास दुखणं थांबलं. आईचे शब्द जसेच्या तसे सांगतो : "सर, ती रडायची थांबली, आम्हाला वाटलं उतरला." घरी आणून झोपवलं, पण पोर कूस बदलत राहिली. साडेअकराला खोकला आणि धाप लागली, तेव्हा गाडी शोधायला सुरुवात झाली.

केसचा गाभा इथे आहे. ज्याला नुसती आग आणि कळ आहे, त्याचं विष बहुधा दंशाच्या जागेपुरतं असतं. विष अंगभर पसरलं की जागेवरचं दुखणं कमी होतं. म्हणून "आता दुखत नाही" हे ऐकून निर्धास्त होऊ नका, आधी तळहात-तळपाय हातात घेऊन बघा.

ताप, झटके, लघवीतून रक्त नाही. शेतातलं औषध घरात नाही. हृदयाचा आजार किंवा दम्याचा पूर्वेतिहास नाही. लसीकरण पूर्ण.

तपासणी

शुद्धीवर, पण अतिशय अस्वस्थ. नाडी 156, श्वास 44, रक्तदाब 130/94, हवेवर ऑक्सिजन 90 टक्के, ताप नाही. कपाळावर घामाचे थेंब. हात कोपरापर्यंत आणि पाय गुडघ्यापर्यंत थंडगार, कॅपिलरी रिफिल चार सेकंद. मी तिचा पाय धरला तेव्हा ओल्या फरशीला हात लावल्यासारखं वाटलं. रक्तदाब वर आणि हातपाय थंड, हे एकत्र दिसलं की रक्तवाहिन्या आवळल्या गेल्या आहेत असं समजा.

तर्जनीवर टाचणीएवढा ठिपका. सूज नाही, लाली नाही. त्यावर बोटानं टिचकी मारली तरी तिनं हात मागे घेतला नाही. बाहुल्या मोठ्या, उजेडाला आकुंचन पावणाऱ्या. पापण्या खाली आलेल्या नाहीत, मान उचलते. छातीत दोन्हीकडे खाली क्रेपिटेशन्स, गॅलप, एपेक्सला मंद सिस्टोलिक मर्मर.

ईसीजीत सायनस टॅकिकार्डिया आणि व्ही-4 ते व्ही-6 मध्ये एसटी डिप्रेशन. एक्स-रेत हृदयाचा आकार नेहमीएवढा, फुप्फुसांत दोन्हीकडे पांढुरकी छाया. साखर 210, लघवीत कीटोन नाहीत. वीस मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं. इकोत इजेक्शन फ्रॅक्शन 35 टक्के.

डिफरन्शिअल डायग्नोसिस

विंचू डब्यात नसता तर? वाडीवरून येणारे बरेच जण "काहीतरी चावलं" एवढंच सांगतात.

मण्यार सर्वांत आधी मनात आणा. रात्रीचा दंश, सूज नाही, उलट्या, हे सगळं जुळतं. पण मण्यारीच्या विषानं पापण्या पडतात, गिळता येत नाही, श्वास उथळ होतो. हिचा श्वास जोरात आहे आणि पापण्या वर आहेत. घोणस असती तर बोट सुजलं असतं आणि रक्त गोठलं नसतं. कीटकनाशकाच्या विषबाधेतही लाळ, घाम, उलट्या असतात, पण बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. व्हायरल मायोकार्डायटिसमध्ये एक्स-रे असाच दिसू शकतो, पण संध्याकाळी खेळणारं मूल चार तासांत या अवस्थेला येणं त्यात बसत नाही. साखर आणि धाप बघून कुणी डायबेटिक कीटोअॅसिडोसिस म्हणेल. कीटोन नाहीत, आणि साखर कॅटेकोलामाइन्समुळे वाढली आहे.

निदान : लाल विंचवाचा दंश, ऑटोनॉमिक स्टॉर्म, मायोकार्डिअल डिस्फंक्शन आणि पल्मनरी इडिमा, ग्रेड तीन.

यामागचं कारण थोडक्यात. विष सोडियम चॅनल उघडी ठेवतं, नसांच्या टोकांतून रसायनं सुटत राहतात. आधी कोलिनर्जिक टप्पा, म्हणजे उलट्या, लाळ, घाम. मग बराच वेळ टिकणारा सिम्पथेटिक टप्पा. हृदय आवळलेल्या वाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता थकतं.

उपचार

डोक्याकडची बाजू उंच करून झोपवलं, मास्कनं ऑक्सिजन सुरू केला. साडेबाराला प्राझोसिन, किलोला 30 मायक्रोग्रॅम, म्हणजे 600. एक मिलिग्रॅमची साधी गोळी 10 मिली पाण्यात विरघळवून त्यातलं 6 मिली राइल्स ट्यूबमधून दिलं. सावकाश सुटणारी, एक्सएल लिहिलेली गोळी इथे चालत नाही. डोस दिल्यावर मुलाला उभं करायचं नाही, कडेवरही घ्यायचं नाही, रक्तदाब एकदम खाली येतो. पहिले तीन तास दर अर्ध्या तासाला नाडी-रक्तदाब. दुसरा डोस तीन तासांनी, पुढे दर सहा तासांनी, हातपाय कोरडे आणि गरम होईपर्यंत.

अँटिव्हेनमच्या तीन व्हायल सलाइनमधून अर्ध्या तासात दिल्या, अॅड्रेनालिन भरून शेजारी ठेवलं होतं. पहाटे रक्तदाब 104/70 झाला तरी क्रेपिटेशन्स होत्या, म्हणून डोब्युटामिन मिनिटाला किलोमागे 5 मायक्रोग्रॅमनं सुरू केलं. लघवीचं औषध सरसकट दिलं नाही. घाम-उलट्यांनी ती आधीच सुकली होती. अॅट्रोपिन इथे टाळतात, ते टॅकिकार्डिया आणखी वाढवतं. स्टिरॉइडचा उपयोग नाही.

हा उपचार आपल्याच जिल्ह्यात घडला, हे तुम्हाला माहीत असायला हवं. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिनचा अनुभव 1986 मध्ये लॅन्सेटमध्ये मांडला. पुढे 2011 मध्ये बीएमजेत त्यांचा 70 रुग्णांचा अभ्यास आला. नुसत्या प्राझोसिनवर बरं व्हायला सरासरी 17.7 तास लागले, सोबत अँटिव्हेनम दिल्यावर 10 तास. बाहेरचं मोठं यंत्र न वापरता, हातपायांची ऊब बघत त्यांनी ही पद्धत बसवली, याचा मला फार आदर वाटतो.

पुढची वाटचाल

सकाळी साडेनऊच्या तिसऱ्या डोसपर्यंत तळपाय कोमट झाले होते. दुपारी साडेतीनला चौथा आणि शेवटचा डोस. संध्याकाळी ती बोट धरून रडू लागली. आई घाबरून नर्सकडे धावली, "परत चढलं!" टिचकी मारली तर पोरीनं हात झटक्यात ओढून घेतला. मी आईला बसवून समजावलं की विष ओसरतंय म्हणूनच दुखतंय, आणि पॅरासिटामॉल लिहिलं.

डोब्युटामिन दुसऱ्या रात्री बंद झालं. चौथ्या दिवशी घरी सोडली. आठवड्यानं इको पुन्हा केला, इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के. जाताना वडिलांना सांगितलं : सरपण काढताना आधी काठीनं हलवायचं, चपला झटकून घालायच्या, आणि पुन्हा कुणाला चावला तर दुखो न दुखो, सरळ इकडे यायचं. पडवीतला लाकडांचा ढीग त्यांनी आता घरापासून लांब, उघड्यावर हलवला आहे.