लोणारचं तळं: अवघड उतारा, सोपा उतारा

(शनिवारचा वर्ग, दुसरी पातळी)

गेल्या आठवड्यात तुमच्यापैकी एकांनी विचारलं, "मॅडम, बसमध्ये लोक बोलतात ते कळतं. मग पेपर का कळत नाही?" कारण पेपरातली मराठी बसने फिरत नाही! आज दोन्ही मराठी शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. मूळ उताऱ्यावर आधी नुसती नजर फिरवा. कळलं नाही तरी चालेल. मग सोपा उतारा मोठ्याने वाचा आणि पुन्हा वर या.

मूळ उतारा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार येथील सरोवर हे अतिवेगवान उल्केच्या आघाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेले विवर असून त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हे विवर ज्वालामुखीजन्य असावे, असा पूर्वी समज होता. तथापि येथील खडकांत आढळलेल्या मॅस्केलिनाइट या काचसदृश द्रव्यामुळे उल्कापाताचा सिद्धान्त ग्राह्य ठरला. स्थानिक आख्यायिकेनुसार विष्णूने येथे लवणासुराचा वध केला. गावातील दैत्यसूदन मंदिर याच आख्यायिकेशी निगडित आहे. सरोवरातील पाणी क्षारयुक्त व अल्कधर्मी असल्याने त्यात सामान्य माशांचे वास्तव्य नाही. जून २०२० मध्ये जलपातळी घटून क्षारता वाढल्याने पाण्यास गुलाबी वर्ण प्राप्त झाला. हा बदल क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे घडल्याचे पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेने केलेल्या तपासणीअंती निष्पन्न झाले. त्याच वर्षी या सरोवराचा समावेश रामसर स्थळांच्या यादीत करण्यात आला.

सोपा उतारा

महाराष्ट्रात बुलढाणा नावाचा जिल्हा आहे. तिथे लोणार हे गाव आहे. गावाजवळ एक मोठं तळं आहे. तळं गोल आहे. या काठापासून समोरच्या काठापर्यंत सुमारे १.८ किलोमीटर अंतर आहे. पाणी काठापासून बरंच खाली आहे.

हे तळं एका मोठ्या खड्ड्यात आहे. अशा खड्ड्याला 'विवर' म्हणतात. हा खड्डा कोणी खणला नाही. फार फार वर्षांपूर्वी आकाशातून एक मोठा दगड आला. अशा दगडाला 'उल्का' म्हणतात. तो खूप वेगाने आला आणि जमिनीवर आदळला. जमीन फुटली. खड्डा पडला.

इथला खडक काळा आणि कठीण आहे. त्याला 'बेसॉल्ट' म्हणतात. हा खडक ज्वालामुखीतून आला. ज्वालामुखी म्हणजे काय? जमिनीच्या पोटातून गरम, पातळ झालेला दगड बाहेर येतो, ती जागा. म्हणून आधी लोकांना वाटायचं, "हा खड्डापण ज्वालामुखीनेच केला असेल." पण शास्त्रज्ञांना या खडकात एक वेगळी वस्तू सापडली. ती काचेसारखी आहे. तिचं नाव मॅस्केलिनाइट. खडकाला फार जोरात धक्का बसला, तर ती तयार होते. ज्वालामुखीमुळे तसा धक्का बसत नाही. म्हणून आता शास्त्रज्ञ म्हणतात, "हे काम उल्केचंच!"

गावातले लोक एक जुनी गोष्ट सांगतात. लवणासुर नावाचा एक राक्षस होता. तो इथे राहायचा. तो लोकांना त्रास द्यायचा. विष्णूने त्याला मारलं. गावात दैत्यसूदनाचं देऊळ आहे. दैत्यसूदन म्हणजे दैत्याला मारणारा, म्हणजेच विष्णू. आणि 'लवण' म्हणजे मीठ.

तळ्याचं पाणीपण खारट आहे. त्यात सोडापण खूप आहे. म्हणून नेहमीचे मासे इथे राहत नाहीत.

जून २०२० मध्ये एक गंमत झाली. पाणी गुलाबी झालं! उन्हाळ्यात तळ्यातलं पाणी कमी झालं होतं. पाणी कमी झालं, पण मीठ तेवढंच राहिलं. म्हणून पाणी आणखी खारट झालं. पुण्यात आघारकर संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी हे पाणी तपासलं. पाण्यात खूप बारीक जीव होते. ते नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना खारट पाणी आवडतं. त्यांचा रंग गुलाबी असतो. म्हणून पाणी गुलाबी दिसलं.

जगातल्या महत्त्वाच्या तळ्यांची आणि पाणथळ जागांची एक यादी आहे. तिला रामसर यादी म्हणतात. रामसर हे इराणमधलं गाव आहे. तिथे १९७१ साली अनेक देशांनी एक करार केला. २०२० साली लोणारचं नाव या यादीत आलं.

आता वर पुन्हा बघा

मूळ उताऱ्याचं पहिलं वाक्य एकवीस शब्दांचं आहे. पूर्ण क्रियापद त्यात एकच, अगदी शेवटी: 'आहे'. तोपर्यंत श्वास धरून बसायचं! त्या एका वाक्याची सोप्या उताऱ्यात डझनापेक्षा जास्त वाक्यं झाली. सोपं लिहिलं की लिखाण कमी होतं असं वाटतं, पण बघा, सोपा उतारा लांब आहे.

'विवर असून' म्हणजे 'विवर आहे, आणि'. पेपरात 'असून' दिसलं की तिथे वाक्य तोडा. 'निर्माण झालेले विवर' म्हणजे 'विवर तयार झालं'. पेपरातल्या अर्ध्या ओळी तरी या दोन गोष्टींनी सुटतात.

'विवर', 'उल्का', 'ज्वालामुखी' हे शब्द मी ठेवले. ते काढले तर लोणारची गोष्टच हातातून जाईल. 'व्यास' मात्र काढला, त्याच्याऐवजी दोन काठ दिले. उल्केला सरळ 'दगड' म्हटल्यामुळे एखादा खगोलवाला नाक मुरडेल, मुरडू दे. पण एक लक्षात ठेवा: दगड *आला*, उल्का *आली*. म्हणून उताऱ्यात 'तो आदळला' आहे. तो म्हणजे दगड.

आपण 'पाणी गुलाबी झालं' म्हणतो. पेपरात 'झाले' छापतात. अर्थ एकच. पण दुकानात 'झाले' म्हणालात तर बातम्या वाचताय असं वाटेल.

हिंदी बोलणाऱ्यांसाठी: 'पाणी खाली आहे' म्हणजे तळं रिकामं नाही! मराठीत 'खाली' म्हणजे नीचे. मागच्या वर्षी वर्गातल्या एकांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "फ्लॅट खाली आहे." शेजारी खालच्या मजल्यावर जाऊन बेल वाजवून आले.

आता 'समावेश करण्यात आला' बघा. कोणी केला? वाक्य सांगतच नाही. सरकारी कागदांना ही सवय फार. सोपं लिहिताना मी आधी माणूस शोधते: कोणी पाणी तपासलं? शास्त्रज्ञांनी. मग वाक्य आपोआप उलगडतं. रामसरच्या वाक्यात मला माणूस बसवता आला नाही, म्हणून 'नाव यादीत आलं' लिहून सुटले.

घरचा अभ्यास

सोसायटीच्या फळ्यावर अशी सूचना आहे: "टाकीच्या स्वच्छतेचे काम हाती घेण्यात येणार असल्याने गुरुवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी रहिवाशांनी आवश्यक तो पाणीसाठा करून ठेवावा."

हेच घरातल्या माणसाला फोनवर कसं सांगाल? पाच वाक्यं लिहून आणा. टाकी कोण धुणार ते लिहा. बादल्या कोण भरणार, तेही.