वजन वाढलं, कंबर कमी झाली: सुनंदाताईंना पत्र

अमळनेर
8 ऑगस्ट 2025

प्रिय सुनंदाताई,
नमस्कार.

मंगळवारी काट्यावरून उतरल्यावर तुमचा चेहरा पडलेला पाहिला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही आधी काटा उचलून दुसऱ्या फरशीवर ठेवलात. मग बांगड्या काढल्या, मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं आणि पुन्हा उभ्या राहिलात. आकडा तोच, 69.4. मे महिन्यात 68.2 होता. त्यानंतर तीन दिवस तुम्ही आला नाहीत. काल तुमचा मेसेज आला की माझ्याकडच्या व्यायामाची तीन महिन्यांची फी वाया गेली, आता भाकरी बंद आणि रात्रीचं जेवणही बंद. फोनवर हे नीट सांगता येणार नाही म्हणून लिहायला बसले. शांतपणे वाचा आणि भाकरी आजपासूनच परत सुरू करा.

आधी माझी चूक सांगते. 13 मे रोजी तुमचं पहिलं वजन मी व्यायाम झाल्यावर घेतलं होतं. आठवतंय, पंख्यातूनही गरम वारा येत होता आणि तुमचा टॉवेल पिळून निघेल इतका ओला झाला होता? अशा उकाड्यात तासाभराच्या व्यायामात अर्धा-एक लिटर घाम सहज जातो, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. म्हणजे पहिला आकडाच थोडा कमी आला होता. मंगळवारचं वजन घेतलं व्यायामाआधी, तेही कानबाईचं विसर्जन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी. रविवारी पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी. सोमवारी बोरी नदीवरून आल्यावर पुन्हा पंगत. त्यात घरात रोट, आणि रोट तर भाऊबंदांनीच संपवायचे. हे खाल्लंत याबद्दल माझी काही तक्रार नाही. कानबाईला जेवायचं नाही तर कधी जेवायचं? पण त्या आठवड्यात काटा समोर ठेवायला नको होता, हे मला कळायला हवं होतं.

पोळी-पुरणातली साखर आपल्या स्नायूंमध्ये आणि यकृतात साठते. त्या साठ्याला ग्लायकोजन म्हणतात. एक ग्रॅम ग्लायकोजन आपल्यासोबत साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. दोनशे ग्रॅम साठा वाढला तरी पाण्यासकट काट्यावर आठशे ग्रॅम दिसतात. त्यात लोणचं-पापडाचं मीठ, तेही पाणी अडवतं. शिवाय आदल्या शनिवारी आपण डेडलिफ्टला वजन वाढवलं होतं आणि मंगळवारपर्यंत तुमच्या मांड्या दुखत होत्या. दुखऱ्या स्नायूत दुरुस्ती चालू असते आणि तिथेही थोडं पाणी जमतं. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर तेही धरा. यातलं काहीही चरबी नाही. हे चार-सहा दिवसांत आपोआप निघून जातं.

आता तुम्ही म्हणाल, वैशाली, पाणी वगैरे ठीक आहे, पण तीन महिन्यांत वजन उतरायला तरी हवं होतं ना? बरोबर आहे. म्हणून त्याच दिवशी घेतलेली बाकीची मापं सांगते. तुम्ही इतक्या नाराज होतात की ती ऐकलीच नाहीत.

कंबर 93 सेंटिमीटर होती, ती 88.5 झाली. टेप दोन्ही वेळा एकाच जागी लावली होती, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता. मंगळवारी तर पोटात पुरणपोळी होती, म्हणजे खरा फरक झालाच तर थोडा जास्तच असेल. चिमट्याने कातडीची जी घडी मोजते ती दंडामागे 28 मिलिमीटरवरून 25 वर आली, कमरेच्या हाडावर 30 वरून 25 वर आणि मांडीवर 38 वरून 34 वर. तीनही जागी कमी. या घड्या आणि तुमचं वय घालून हिशोब केला तर शरीरातली चरबी सुमारे 36 टक्क्यांवरून साडेबत्तीसवर आली. हा टक्का अंदाजी असतो, दोन-तीनने मागे-पुढे होऊ शकतो. पण हात तोच, चिमटा तोच, जागा त्याच, आणि टेपही तेच सांगते आहे. म्हणून दिशा बरोबर आहे याची मला खात्री आहे.

किलोत सांगायचं तर मेमध्ये चरबी साडेचोवीस किलोच्या आसपास होती, आता साधारण साडेबावीस. दोन किलोला थोडी कमी एवढी चरबी गेली. मग बाकीचं शरीर, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी, आतले अवयव, हे तीन किलोने वाढलेलं दिसतं. हे तीनही किलो स्नायूच आहेत असं मी म्हणणार नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी बारा आठवड्यांत एवढे स्नायू येत नाहीत. त्यातला मोठा भाग वर सांगितलेलं पाणी आणि ती मेमधली माझी चूक. पण त्यात खरे नवे स्नायूही आहेत, आणि ते मी काट्यावर नाही, तुमच्या व्यायामात बघते. मेमध्ये तुम्ही खुर्चीतून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर टेकत होतात. आज दहा किलोचं डंबेल छातीशी धरून बारा बैठका काढता. पस्तीस किलो जमिनीवरून उचलता. तुम्हीच मला सांगितलं होतं की किराणाच्या दोन पिशव्या घेऊन तिसरा मजला चढलात आणि दारात पोहोचल्यावर लक्षात आलं की मधे थांबलोच नाही.

लोक म्हणतात, स्नायू चरबीपेक्षा जड असतात. किलो शेवटी किलोच. फरक जागेचा आहे. एक किलो चरबी साधारण 1.1 लिटर जागा घेते, एक किलो स्नायू 0.94 लिटर. काही जण कापूस आणि लोखंडाचं उदाहरण देतात, ते मला पटत नाही, इतका फरक नसतो. त्यापेक्षा मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे कुठून गेलं आणि कुठे आलं. चरबी गेली त्यात पोटाचा मोठा वाटा आहे. स्नायू आले मांडीत, कुल्ल्यांत, पाठीत. म्हणून पंजाबी ड्रेसची नाडी आता दोन बोटं जास्त आवळावी लागते, आणि काटा मात्र वर जातो. काट्याला पुरण, पाणी, हाड, स्नायू, चरबी हे वेगळं ओळखताच येत नाही. तो सगळ्याची बेरीज दाखवतो.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, 22.3. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकसरांच्या 21.2 टक्के. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपल्याकडे माणूस सडपातळ दिसला तरी पोटात चरबी लपवून असतो, आणि मधुमेहाचा धोका त्या पोटातल्या चरबीने वाढतो. रक्तातल्या साखरेची तुमची मार्चची तपासणी, एचबीए1सी, 6.1 आली होती. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. तुम्ही माझ्याकडे आलात त्या कागदामुळे, काट्यामुळे नाही. डॉक्टरांनी पुढची तपासणी सांगितली असेल ती चुकवू नका. त्या रिपोर्टबद्दल मी आज काही वचन देणार नाही. पण कंबर साडेचार सेंटिमीटर उतरणं ही त्या दृष्टीने चांगली खूण आहे. भारतीय बायकांसाठी कमरेची मर्यादा 80 सेंटिमीटर धरतात, म्हणजे अजून वाट बरीच आहे. तेही लपवत नाही.

आणि आता भाकरी. सासूबाई म्हणाल्या, "वजन ते वाढनं ना माय, मंग कशाले जास तठे?" त्यांना रागावू नका, त्यांनी काटाच बघितला. पण त्यांचं ऐकून तुम्ही एक वेळ उपाशी राहिलात तर काटा आठवड्यात दोन किलो खाली येईल. त्यात आधी पाणी जाईल, मग थोडी चरबी, आणि तीन महिने घाम गाळून कमावलेले स्नायूही जातील. पुन्हा जेवायला लागलात की वजन परत येईल, स्नायू मात्र तेवढ्या लवकर येत नाहीत. कळण्याची भाकरी खा. एक किंवा दीड, सोबत मटकी नाहीतर मुगाची उसळ, वाटीभर दही. सकाळी दोन अंडी चालू ठेवा. शेवभाजी आठवड्यातून एकदाच, तर्री थोडी बाजूला काढून. भरितावर तेल मोजून घाला, चमच्याने. हाताने ओतलं की अंदाज चुकतोच. जेवणात हात आखडायचा तर तेलात आणि रोजच्या चार कप गोड चहात आखडा. तिथे खरंच जागा आहे, आणि ते मी तुम्हाला जूनमध्येच ठणकावून सांगायला हवं होतं.

एक गोष्ट वेगळी. कधी कंबर आणि वजन दोन्ही सोबत वाढायला लागले तर मी स्वतः सांगेन की चरबी वाढतेय. आणि दोन-तीन दिवसांत वजन भराभर वाढलं, पायावर सूज आली, धाप लागली, तर माझ्याकडे नाही, थेट डॉक्टरांकडे जा.

उद्या राखी पौर्णिमा, भाऊ येतील, आनंदाने जेवा. रविवारीही काटा पलंगाखालीच राहू द्या. सोमवारपासून चार दिवस सकाळी उठल्यावर, संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, एकाच गाऊनवर वजन घ्या आणि वहीत लिहा. कुठल्याही एका दिवसाच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, चारही दिवसांची सरासरी मी काढते. माझा अंदाज आहे की ती 69 च्या खाली येईल. नाही आली तर वही समोर ठेवून आपण तुमचं जेवण आणि माझा व्यायामाचा तक्ता दोन्ही तपासू. यापुढे तुमचं वजन मी कधीही व्यायामानंतर घेणार नाही आणि सणाच्या आठवड्यात तर नाहीच.

गुरुवारी 14 तारखेला संध्याकाळी साडेसहाला या. दाजींना सोडायला वेळ नसेल तर मी स्कूटीवर घ्यायला येते. मेमध्ये घातलेला तो हिरवा कुर्ता, ज्याची बाजूची शिवण ताणली जायची, तो घेऊन या. टेप मी काढूनच ठेवते.

तुमची,
वैशाली