खाडीपुलाच्या कामातील विलंब: कंत्राटदाराचे दिवस आणि विभागाचे दिवस

काम पाच गाळ्यांच्या खाडीपुलाचे. करारानुसार पूर्णत्वाची तारीख 2 एप्रिल 2024 होती. प्रत्यक्ष काम संपले 26 जुलै 2024 ला, म्हणजे 115 दिवस उशिरा. कंत्राटदाराने सगळे 115 दिवस विभागाच्या माथी मारले आहेत आणि विभागाने सगळ्या 115 दिवसांचा दंड लावला आहे. दैनंदिन नोंदी, ड्रॉइंग रजिस्टर आणि दर महिन्याचे सुधारित वेळापत्रक समोर ठेवून पाहिले तर दोन्ही दावे टिकत नाहीत.

पायलिंग रिग 1 नोव्हेंबर 2022 ला साईटवर यायची होती. ती 22 नोव्हेंबरला आली. हे 21 दिवस कंत्राटदाराचे, त्यावर फार लिहिण्यासारखे नाही.

पी-3 पियरच्या पायांत पक्का खडक बोअर लॉगमध्ये दाखवल्यापेक्षा अडीच मीटर खाली लागला. बोअर लॉग विभागाचा, डिझाईनही विभागाच्या सल्लागाराचे. 14 फेब्रुवारी 2023 ला काम थांबवण्याचा आदेश निघाला आणि सुधारित ड्रॉइंग मिळाले 10 मार्चला: 24 दिवस. विभागाचे म्हणणे, याच काळात रिग नऊ दिवस बंद होती, म्हणून तेवढे दिवस कॉन्करंट डिलेचे, म्हणजे दोघांच्या चुकीने एकाच वेळी झालेल्या विलंबाचे. रिग 20 फेब्रुवारी ते 1 मार्च बंद होती हे खरेच. पण बाकीच्या पायांतले पायलिंग तोवर संपले होते. पी-3 वर ड्रॉइंगशिवाय एक पाइलही घेता येत नव्हता, आणि ड्रॉइंग हाती येण्याआधी नऊ दिवस रिग दुरुस्त होऊन उभी होती. रिग धडधाकट असती तरी काम एका दिवसानेही पुढे सरकले नसते. बिघाड झाला, पण त्याने पूर्णत्वाची तारीख हलली नाही. 24 दिवस पूर्णपणे विभागाचे.

खरा गुंता तिसऱ्या गाळ्याच्या गर्डर लाँचिंगचा. मूळ तारीख 8 ऑक्टोबर 2023. वरचे 45 दिवस धरता ती 22 नोव्हेंबर होते. लाँचिंगला दोन गोष्टी हव्या होत्या: गाळ्यावरून जाणारी 33 केव्ही वाहिनी हटलेली, आणि गर्डर ताणून तयार. 22 नोव्हेंबरला दोन्ही नव्हते. वाहिनी हटवणे करारानुसार विभागाकडे. अनामत रक्कमच 9 नोव्हेंबरला भरली गेली आणि वाहिनी हटली 18 जानेवारी 2024 ला. वीज कंपनीने वेळ घेतला, हे विभागाचे उत्तर कंत्राटदाराविरुद्ध चालत नाही. शेवटचा गर्डर ताणून झाला 27 डिसेंबरला.

कंत्राटदार म्हणतो, वाहिनी हटणार नाही हे दिसत होते, म्हणून आम्ही मुद्दाम हात आखडता घेतला. हे पटले असते, जर तसे एक तरी पत्र असते. कास्टिंग यार्डच्या वहीत 4 नोव्हेंबरपासून वेगळेच लिहिले आहे: ‘स्ट्रँड नाही, गँग बसून.’ अशी ओळ सलग अकरा दिवस आहे. पुरवठादाराचे बिल थकल्याने गर्डर ताणण्याच्या या तारांचा माल अडला होता, हे कंत्राटदाराच्याच पत्रव्यवहारात आहे. याला ठरवून मंदावणे म्हणत नाहीत.

म्हणून 22 नोव्हेंबर ते 27 डिसेंबर हे 35 दिवस खऱ्या अर्थाने कॉन्करंट डिलेचे. एकाच कृतीवर, एकाच दिवसापासून दोघांच्या चुकीचा परिणाम, आणि कोणतीही एक चूक वगळली तरी लाँचिंग तेवढेच अडले असते. त्यानंतर 18 जानेवारीपर्यंतचे 22 दिवस गर्डर तयार होते, वाहिनी नव्हती. ते एकट्या विभागाचे.

शेवटचे 13 दिवस होळीचे. शटरिंगची गँग 23 मार्चला गावी गेली, 5 एप्रिलला परतली. बदली गँग आणली नाही. जबाबदारी कंत्राटदाराची.

करार कॉन्करंट डिलेबद्दल काहीच बोलत नाही. अशा वेळी इंग्लंडच्या न्यायालयात 1999 पासून रुळलेला मार्ग, म्हणजे मुदतवाढ द्यावी पण वाढीव खर्च देऊ नये, मला योग्य वाटतो. 35 दिवस निम्मे-निम्मे वाटण्याची विभागाची सूचना मी घेतलेली नाही: त्यात विभाग स्वतः अडवलेल्या काळाचा दंड वसूल करेल.

त्यानुसार मुदतवाढ 24, 35 आणि 22 मिळून 81 दिवस. सुधारित तारीख 22 जून 2024, आणि दंडाला पात्र उरतात 34 दिवस. वाढीव खर्च 46 दिवसांचाच. कंत्राटदाराने आपला दावा जून-जुलै 2024 च्या ताळेबंदावरून काढला आहे, त्या महिन्यांत साईटवर क्रेन, यार्ड, कॅम्प सगळे होते. तो तसा धरता येणार नाही. 14 फेब्रुवारी ते 10 मार्च 2023 आणि 27 डिसेंबर 2023 ते 18 जानेवारी 2024 या काळांत प्रत्यक्ष झालेला खर्च कंत्राटदाराने व्हाउचरसह नव्याने मांडावा.