ब्रास बुशची आवक तपासणी: नमुना किती नगांचा? (हातगणनेचा कागद)

भाग: ब्रास बुश, आतला व्यास १२ मिमी, फिट एच७ (१२.००० ते १२.०१८ मिमी)
लॉट: २००० नग, शंभराचे २० बॉक्स
तपासणी: प्लग गेज. गो आत गेला पाहिजे, नो-गो अडला पाहिजे. यातलं एकही चुकलं तर नग सदोष.

आजवर या भागाला आपण 'लॉटच्या दहा टक्के काढा, एकही खराब निघाला तर परत' हा नियम लावत होतो. तो आजपासून बंद. का बंद, ते आधी आकड्यांत बघा. २०० नगांच्या छोट्या लॉटमधून २० नग काढले आणि लॉटमध्ये ५ टक्के माल खराब असला, तरी त्या २० मध्ये एकही खराब न येण्याची शक्यता सुमारे ३४ टक्के आहे. म्हणजे असे तीन लॉट आले तर त्यातला एक सरळ असेंब्लीवर जातो. उलट २००० च्या लॉटमधून २०० नग काढले आणि माल फक्त १ टक्का खराब, म्हणजे आपण मान्य केलेल्या दर्जाचा असला, तर शंभरातले ८८ लॉट आपण परत पाठवू. छोट्या लॉटला नियम ढिला आणि मोठ्या लॉटला जाचक. व्हेंडरची तक्रार रास्त होती आणि असेंब्लीचीही.

नमुना किती घ्यायचा हे लॉटच्या टक्केवारीवरून ठरत नाही. आपण कोणता धोका किती पत्करणार, यावरून ठरतं. खरेदी विभाग आणि व्हेंडरबरोबर बसून चार आकडे ठरवले आहेत:

१ टक्का सदोष (p1 = ०.०१) हा चालणारा माल. असा लॉट चुकून परत जाण्याचा धोका ५ टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा व्हेंडरचा धोका.
५ टक्के सदोष (p2 = ०.०५) हा न चालणारा माल. असा लॉट चुकून पास होण्याचा धोका १० टक्क्यांपेक्षा जास्त नको. हा आपला धोका.

आता दोन गोष्टी काढायच्या आहेत: n म्हणजे किती नग तपासायचे आणि c म्हणजे त्यात जास्तीत जास्त किती सदोष चालतील. सदोष प्रमाण लहान आहे आणि नमुना लॉटच्या दहाव्या हिश्शापेक्षा कमी राहणार आहे, म्हणून प्वासाँचं सूत्र पुरतं. त्यात n आणि p वेगवेगळे लागत नाहीत, फक्त गुणाकार np लागतो. त्यामुळे प्रत्येक c साठी दोनच आकडे पुरतात: पास होण्याची शक्यता ९५ टक्के राहते तो np, आणि ती १० टक्क्यांवर येते तो np.

```
c    np(९५%)   np(१०%)   भागाकार
०    ०.०५१३    २.३०३     ४४.९
१    ०.३५५     ३.८९०     १०.९
२    ०.८१८     ५.३२२      ६.५१
३    १.३६६     ६.६८१      ४.८९
४    १.९७०     ७.९९४      ४.०६
```

आपला भागाकार p2 ÷ p1 = ०.०५ ÷ ०.०१ = ५. तक्त्यात वरून खाली या आणि भागाकार ५ किंवा त्याखाली जिथे पहिल्यांदा येतो तिथे थांबा. c = २ ला ६.५१ आहे, चालणार नाही. c = ३ ला ४.८९, चालेल.

```
n = ६.६८१ ÷ ०.०५ = १३३.६   (निदान १३४ हवेत)
n = १.३६६ ÷ ०.०१ = १३६.६   (१३६ च्या वर नको)
```

पहिली ओळ आपल्याला सांभाळते, म्हणून वर पूर्ण करायची. दुसरी व्हेंडरला सांभाळते, म्हणून खाली. १३४, १३५, १३६ यांपैकी कोणताही आकडा दोन्ही अटी पाळतो. मोजायला कमी तो बरा: n = १३४, c = ३.

तक्त्यावर विसंबून सही करायची नाही. ताळा घ्यायचाच. पास होण्याची शक्यता अशी:

```
P = e^(-m) × (१ + m + m²/२ + m³/६),   m = np
```

चांगला माल, m = १.३४. आधी e^(-१.३४). e^(-१) = ०.३६७९ हे पाठ ठेवा, उरलेल्या ०.३४ साठी मालिका: १ − ०.३४ + ०.०५७८ − ०.००६६ + ०.०००६ = ०.७११८. गुणाकार ०.२६१९. कंसातली बेरीज १ + १.३४ + ०.८९७८ + ०.४०१० = ३.६३८८. म्हणून P = ०.९५३. व्हेंडरचा धोका ४.७ टक्के. बसलं.

खराब माल, m = ६.७. e^(-७) = ०.०००९१२, त्याला e^(०.३) = १.३४९९ ने गुणा: ०.००१२३१. कंसात १ + ६.७ + २२.४४५ + ५०.१२७ = ८०.२७. P = ०.०९९. आपला धोका ९.९ टक्के. हेही बसलं, पण काठावर. म्हणूनच १३४ पैकी एकही नग कमी करून चालणार नाही. १३३ घेतले तर m = ६.६५ येतो आणि धोका १० टक्क्यांच्या वर जातो.

आयएस २५०० च्या तक्त्यात याच लॉटला, सर्वसाधारण पातळी दोन आणि एक्यूएल १.० ला, १२५ नग आणि c = ३ येतं. मग आपण १३४ का? तो तक्ता मुख्यतः एक्यूएल धरून चालतो, आपली ५ टक्क्यांची अट त्याला माहीत नाही. १२५ ला m = ६.२५, आणि खराब लॉट पास होण्याची शक्यता १३ टक्के निघते. नऊ नग जास्त तपासून ती १० च्या आत येते. ऑडिटमध्ये हा प्रश्न येणारच, उत्तर हेच द्या.

'शून्य सदोष' हा कडक नियम वाटतो, पण c = ० धरून ५ टक्क्यांची अट पाळायला n = २.३०३ ÷ ०.०५, म्हणजे ४७ नग लागतात, आणि मग चालणारे लॉटही शंभरातले ३७ परत जातात. तपासणीचा वेळ वाचेल, पण परत पाठवलेल्या मालाची गाडी, नवीन चलन आणि रिकामी असेंब्ली लाइन त्याहून महाग पडेल.

हिशोब कितीही बरोबर असला तरी नग वरवरचेच उचलले तर तो फुकट जातो. वीसही बॉक्स उघडायचे. १४ बॉक्समधून प्रत्येकी ७ आणि ६ बॉक्समधून प्रत्येकी ६, असे ९८ + ३६ = १३४. बॉक्समध्ये हात तळापर्यंत घाला. टर्निंगचं टूल झिजत गेलं की व्यास हळूहळू सरकतो, आणि शेवटी बनलेले नग एकाच बॉक्समध्ये एकत्र बसलेले असतात. कोणत्या बॉक्समधून ७ आणि कोणत्या बॉक्समधून ६ हे चिठ्ठ्या टाकून ठरवा.

निकाल: सदोष ३ किंवा कमी असतील तर लॉट पास, सापडलेले नग लाल ट्रेमध्ये. ४ किंवा जास्त असतील तर लॉट अडवायचा. चौथा सापडला तरी बाकीचे तपासून संपवा, व्हेंडरला पूर्ण आकडा हवा असतो. ४ आल्यावर 'अजून थोडे काढून बघू' असं करायचं नाही. तसं केलं की वरचे दोन्ही धोके बदलतात आणि हा कागद निरुपयोगी होतो.

लॉट १३४० पेक्षा लहान आला तर नमुना दहाव्या हिश्शाच्या वर जातो. तेव्हाही १३४ आणि ३ हेच वापरा. खरा धोका इथे मोजल्यापेक्षा कमीच निघतो, फक्त मेहनत गरजेपेक्षा जास्त होते. ५०० च्या आतले लॉट नियमित येऊ लागले तर त्यांच्यासाठी वेगळी गणना करू. p1 किंवा p2 बदलला तर भागाकारापासून पुन्हा सुरुवात करायची, आणि नवा कागद गेजच्या कॅलिब्रेशन नोंदीशेजारी लावायचा.