चार वाक्यांत बसवलेलं बॅगेचं पत्र

दादा, कालच्या फोननंतर रात्री बसून हरवलेल्या बॅगेबद्दलचं विमान कंपनीला द्यायचं पत्र कापलं, अडीच पानांचं होतं ते आता चार वाक्यांवर आलंय. तू म्हणालास ना की तुमच्या बँकेत तक्रार आली की तुम्ही आधी तारीख आणि रक्कम शोधता आणि बाकीचं वाचायला कोणाला वेळच नसतो, तेच डोक्यात ठेवून केलंय. आधी मराठीत लिहिलं कारण आईला वाचून दाखवायचंय आणि मलाही मराठीतच सुचत होतं, तू हो म्हणालास की हेच इंग्रजीत त्यांच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममध्ये टाकते. पीएनआर, बॅगेच्या टॅगचा नंबर आणि पीआयआरचा म्हणजे बॅग आली नाही म्हणून विमानतळावर केलेल्या नोंदीचा नंबर यांना फॉर्मवर वेगळे रकाने आहेत म्हणून ते वाक्यांत घेतले नाहीत. वाच आता.

दि. ४ नोव्हेंबर २०२५
प्रति,
ग्राहक तक्रार विभाग
विषय: ११ ऑक्टोबर २०२५ च्या मुंबई–मँचेस्टर प्रवासात हरवलेली बॅग, ९६० पौंड भरपाईची मागणी

११ ऑक्टोबर २०२५ रोजी मी तुमच्या विमानाने मुंबईहून मँचेस्टरला आले, मुंबईत दिलेल्या दोन बॅगांपैकी निळी मोठी बॅग बेल्टवर आलीच नाही आणि मी त्याच संध्याकाळी ७ वाजून १० मिनिटांनी विमानतळ सोडायच्या आधी तुमच्या काउंटरवर पीआयआर नोंदवली, तिची प्रत जोडली आहे.

१४ आणि २७ ऑक्टोबरला तुमच्याकडून फक्त "शोध सुरू आहे" अशा ईमेल आल्या, १ नोव्हेंबरला २१ दिवस पूर्ण झाले तरी बॅग मिळालेली नाही, त्यामुळे १९९९ च्या माँट्रियल कराराच्या कलम १७(३) प्रमाणे बॅग हरवली असं धरून मी हा दावा करत आहे.

बॅग आणि आतल्या सामानाचे ८४२ पौंड, आणि सामान नसल्यामुळे १२ ते १८ ऑक्टोबर या काळात घ्याव्या लागलेल्या गरजेच्या वस्तूंचे ११८ पौंड, असे एकूण ९६० पौंड मला हवे आहेत, ही रक्कम कलम २२(२) खालच्या १,५१९ एसडीआर या मर्यादेच्या आत आहे, यादी, पावत्या आणि फोटो जोडले आहेत, आणि २२ ऑक्टोबरला तुम्ही "पूर्ण व अंतिम" म्हणून देऊ केलेले ६० पौंड मला मान्य नाहीत.

२ डिसेंबर २०२५ पर्यंत म्हणजे आजपासून २८ दिवसांत ही रक्कम फॉर्ममध्ये दिलेल्या माझ्या खात्यात जमा करावी किंवा नाकारायची असेल तर कारण लेखी कळवावं, नाहीतर मी इथल्या कोर्टात स्मॉल क्लेम दाखल करेन.

स्नेहल कुलकर्णी
मँचेस्टर

झालं एवढंच. आता कापलं काय ते सांगते, कारण तू विचारणारच.

पहिलं म्हणजे मधल्या एअरपोर्टवरची सगळी धावपळ काढली. मुंबईचं विमान सव्वा तास लेट सुटलं, मधे विमान बदलायला जेमतेम पन्नास मिनिटं उरली, मी पळत पळत गेट गाठलं आणि बॅगेला तेवढा वेळ मिळाला नसणार, हे मी पाऊण पान लिहिलं होतं. पण चूक नेमकी कुठे झाली हे मी सिद्ध करायची गरजच नाहीये. बॅग त्यांच्या ताब्यात असताना गेली की जबाबदारी त्यांची, कलम १७ तेच म्हणतं, आणि मी कारणं देत बसले तर उलट ते त्या कारणांवर वाद घालतील. काउंटरवरच्या मुलीबद्दल लिहिलेलंही काढलं, तिने मान वर न करता फॉर्म सरकवला त्याचा राग होता मला, पण निदान पीआयआर तिने लगेच भरून दिली, आणि तो कागद नसता तर आज मी काय दाखवणार होते.

दुसरं, आई म्हणाली होती की मनस्तापाचे पाच हजार पौंड माग. मी तेही घातलं होतं आधी. मग नीट वाचलं तर २०१० मध्ये युरोपियन कोर्टाने सांगून ठेवलंय की एसडीआरची जी मर्यादा आहे तिच्यात वस्तूंचं नुकसान आणि मनस्ताप दोन्ही धरलेलं असतं, वेगळं काही मिळत नाही. आणि शिक्षा म्हणून जास्त पैसे मागायची सोय या करारात नाहीच. १,५१९ एसडीआर म्हणजे साधारण दीड हजार पौंडांच्या थोडं वर जातं (एसडीआर हे आयएमएफचं एकक आहे, डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड मिळून त्याचा भाव ठरतो, रोज बदलतो). डिसेंबर २०२४ च्या शेवटी ही मर्यादा वाढली, आधी १,२८८ होती, आणि बऱ्याच ठिकाणी अजून जुना आकडाच लिहिलेला दिसतो म्हणून मी नवीन आकडा मुद्दाम पत्रात टाकलाय, नाहीतर ते जुनाच पुढे करतील. बाबा जे म्हणत होते की किलोवर पैसे मिळतात ते जुन्या वॉर्सा कराराचं, आता वजनाचा संबंध नाही, माणशी मर्यादा आहे. ते बाबांना सांग, ते बॅगेचं वजन शोधत बसलेत.

पाच हजार लिहिले असते तर माझ्या ९६० कडेही त्यांनी नीट बघितलं नसतं असं मला वाटतं. ९६० ची प्रत्येक ओळ मी दाखवू शकते. बॅग ७०, कोट १४५, दोन साड्या २४०, बूट ६५, दुसरा चष्मा १३०, बाकीचे कपडे १६० आणि सोऱ्या ३२. कोट तीन वर्षांचा होता म्हणून नव्याची किंमत लावली नाही, कमी करूनच लावलीय, ते तसंही वापरलेल्या वस्तूचे पैसे कापतात, आपणच आधी कापले की बाकीच्या यादीवर विश्वास बसतो. ११८ मध्ये ऑफिसला घालायचे दोन जोड, थर्मल, चार्जर आणि अंघोळीचं सामान, बास. सोमवारी १३ तारखेला मला कामावर जायचं होतं आणि अंगावर विमानातलेच कपडे होते, पावत्या सगळ्या जपून ठेवल्यात.

त्या ६० पौंडांचं सांगते. ईमेलमध्ये लिंक होती, क्लिक केलं की पैसे दोन दिवसांत खात्यात, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की यानंतर या प्रवासाबद्दल कुठलाही दावा करणार नाही. खरं सांगते मी त्या दिवशी क्लिक करणार होते. दिवाळी होती, पाडवा, घरात मी एकटी, आणि वाटलं मिटवून टाकूया एकदाचं. मग वहिनीचा फोन आला आणि ते राहिलं, बरं झालं राहिलं.

आता जे कापताना खरंच जड गेलं ते. फराळाचं अख्खं पान काढलं. आईने डोळ्याच्या ऑपरेशननंतर दोन आठवड्यांत, डॉक्टर चुलीपुढे जाऊ नको म्हणत असताना, दोन किलो भाजणी भाजली, मी ओरडले तरी ऐकलं नाही, म्हणाली तिकडे तुला कोण देणारे. ती भाजणी आणि आजीचा पितळी सोऱ्या एकाच बॅगेत होते. आईने तो तिच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला, चांदणीची चकती वेगळी काढून माझ्या मोज्यात घातलेली, कारण ती सैल झालीय आणि प्रवासात पडेल म्हणून. त्या चकतीचा एक दात झिजलाय, त्यामुळे आपल्या घरच्या चकलीला एका बाजूला काटा कमी असतो, तुला माहितीये. हे मी पत्रात लिहिलं होतं. चकलीचा काटा सुद्धा लिहिला होता दादा. रात्री ते वाक्य मी तीन वेळा पुसलं आणि तीन वेळा परत आणलं.

मग यादीत लिहिलं: पितळी सोऱ्या, जुना, १ नग, ३२ पौंड. नवीन पितळी सोऱ्या पोस्टेजसकट तेवढ्याला इथल्या भारतीय दुकानात मिळतो, तीच किंमत धरली, त्याच्यापेक्षा जास्त मला कुठल्याच कागदाने दाखवता येत नाही. भाजणीचे पैसे लावलेच नाहीत. आईला वाचून दाखवशील तेव्हा पत्र पूर्ण वाच पण यादी नको. तिला वाटेल मी सोऱ्या विकायला काढला.

तारखांवर मात्र मी एकही काटछाट केली नाही. ११, १४, २२, २७ ऑक्टोबर, १ नोव्हेंबर, ४ नोव्हेंबर, २ डिसेंबर. तू एकदा मोजून बघ, २१ आणि २८ दोन्ही मी बोटांवर मोजलेत. कोर्टात जायला मुदत दोन वर्षं असते, पोचल्याच्या दिवसापासून, म्हणजे ११ ऑक्टोबर २०२७ पर्यंत आहे, त्यामुळे ते गप्प बसले तरी मला घाई नाही, पण हे पत्रात लिहिलं नाही, त्यांना कशाला सांगायचं की माझ्याकडे वेळ आहे. मँचेस्टर हे पोचायचं ठिकाण असल्यामुळे केस इथेच टाकता येते, मुंबईला यावं लागणार नाही. आणि बॅग सापडलीच उद्या तर मी पैसे नको म्हणेन, फक्त ११८ घेईन, हे तुला सांगून ठेवते, पत्रात नाही.

चौथ्या वाक्यात "नाहीतर" च्या पुढे मी आधी बरंच कडक लिहिलेलं, पेपरात देईन, सोशल मीडियावर टाकेन वगैरे. काढलं. जे खरंच करणारे तेवढंच ठेवलं.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. वहिनीने बॅग भरताना काढलेला तो व्हिडिओ, ज्यात आई झाकणावर दोन्ही हात दाबून बसलीय आणि तू चेन ओढतोयस, तो व्हॉट्सअ‍ॅपवर नको, ईमेलने ओरिजिनल पाठव म्हणजे फाइलमध्ये तारीख राहील, त्यात कोट आणि ते लुगड्यात गुंडाळलेलं स्पष्ट दिसतंय. आणि साड्यांचं बिल, महाद्वार रोडवरच्या दुकानातलं, बाबांच्या कपाटात वरच्या खणात लाल फाइलमध्ये असणार, दोन्ही बाजूंचा फोटो काढ, मागे शिक्का आहे. उद्या तुझ्या सकाळी अकरापर्यंत आलं तर मी कामावर जायच्या आधी उठून फॉर्म भरून टाकेन.